मुंबईत बसून गावच्या दुधाचं बिल कसं तपासायचं

घरातली दुधाची पिशवी हातात घ्या आणि मागचा बारीक मजकूर वाचा. टोन्ड दूध असेल तर फॅट ३.० टक्के आणि एसएनएफ ८.५ टक्के असं लिहिलेलं दिसेल. गावी तुमचे आईवडील किंवा भाऊ डेअरीला दूध घालत असतील, तर त्यांच्या प्रत्येक किटलीचा भावही याच दोन आकड्यांवर ठरतो. फॅट म्हणजे दुधातली स्निग्धता. एसएनएफ म्हणजे स्निग्धता आणि पाणी वगळून जे उरतं ते, म्हणजे प्रथिनं, दुधातली साखर आणि क्षार.

मी भांडुपला राहते. अण्णा आणि दादा पारनेर तालुक्यात दोन गाई सांभाळतात. गेली काही वर्षं त्यांचं बिल मी इथून तपासते, कारण दादाला सकाळ-संध्याकाळ धार काढून झाल्यावर कागदावर बसायला वेळ उरत नाही आणि अण्णांना बिलावरचे आकडे बारीक दिसतात. सुरुवातीला माझ्याकडून एक मोठी चूक होत होती. मी महिन्याची सरासरी काढायची, तिचा दर लावायची आणि रक्कम जुळली नाही की गावच्या दूध संस्थेवर संशय घ्यायची. ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी तीन कागद गोळा करा

पहिला कागद म्हणजे रोजची पावती. दूध घातल्यावर मशीनमधून चिठ्ठी निघते. तिच्यावर तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम असते. काही ठिकाणी एसएनएफऐवजी किंवा त्याच्याबरोबर 'डिग्री' छापतात, म्हणजे दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरचा आकडा. या चिठ्ठीची छपाई उष्णतेवर होते आणि महिन्याभरात पुसट पडते. म्हणून घरी सांगून ठेवा, त्याच दिवशी फोटो काढून पाठवायचा. आमच्याकडे हे काम वहिनी करतात.

दुसरा कागद म्हणजे दरपत्रक, ज्याला सगळे चार्ट म्हणतात. त्यात उभ्या बाजूला फॅट आणि आडव्या बाजूला एसएनएफ असतो, दोन्ही जिथे मिळतात तिथे दर. गाईचा चार्ट वेगळा आणि म्हशीचा वेगळा. चार्टचा फोटो मागवताना वरचा मथळा आणि 'लागू दिनांक' आलाच पाहिजे. नुसत्या चौकटींचा फोटो कामाचा नाही, आणि का ते पुढे येईल. वर्तमानपत्रात छापून आलेला खरेदी दर घेऊन बिल तपासायला बसू नका. तो दर कोणत्या फॅट-एसएनएफचा आहे आणि त्यात संस्थेचं कमिशन धरलं आहे की नाही, हे बातमीत अनेकदा नसतं. तुमच्या हिशेबाला गावच्या संस्थेचा उत्पादकाला लागू असलेला चार्टच हवा.

तिसरा कागद म्हणजे संस्थेचं बिल. बऱ्याच गावांत ते दहा दिवसांचं निघतं: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. म्हणजे महिन्याचा हिशेब करताना तीन बिलं एकत्र घ्यायची.

बिल हाती आलं की सर्वांत आधी ओळी मोजा. दिवसाला दोन, तर पहिल्या दहा दिवसांत २० ओळी हव्यात. शेवटच्या बिलात महिना ३१ चा असेल तर २२. एखादी ओळ कमी असेल आणि त्या वेळची पावती तुमच्याकडे असेल, तर पुढचा कुठलाही हिशेब करण्याआधी ती ओळ भरून घ्या.

लिटर आधी, फॅट नंतर

संस्थेत दूध बहुतेक वेळा काट्यावर ठेवतात आणि काटा किलो दाखवतो. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असतं, एक लिटर साधारण १.०३ किलो भरतं. त्यामुळे ८.६५ किलोला १.०३ ने भागलं की ८.४० लिटर येतात. पावतीवर किलो आणि लिटर दोन्ही असतील तर हा भागाकार एकदा करून बघा. चार्टवर दर 'प्रति लिटर' आहे की 'प्रति किलो', हेही वाचा. दर किलोचा असेल आणि गुणाकार लिटरशी केलेला असेल, तर सरळ तीन टक्के कमी पडतात. रोज साडेचौदा लिटर दूध घालणाऱ्या घरात ते महिन्याला १३ लिटरच्या आसपास जातं.

दुसरी गोष्ट शेवटच्या आकड्याची. ८.३९ लिटर भरलं आणि पावतीवर ८.३ छापलं, तर वरचे ९० मिली कापले गेले. कधी ९०, कधी १०, असं धरलं तर दर वेळी सरासरी ५० मिली जातात. महिन्याच्या ६० वेळा धरल्या तर तीन लिटर. यात कोणी हाताने काही करत नाही, काटा १०० ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणारा असेल किंवा संगणकात तशी सोय लावलेली असेल तर हे आपोआप घडतं. फॅटचंही तसंच. मशीन ३.६८ दाखवतं आणि चार्टमध्ये ३.६ आणि ३.७ एवढंच असतं. ३.६ धरलं की ३.७, हे संस्थेनं एकच काय ते ठरवलेलं हवं. ते सचिवांना सरळ विचारा आणि तोच नियम सगळ्या ओळींना लावून बघा.

आता एक बिल सोडवू

खाली दिलेला चार्ट उदाहरणापुरता आहे, तुमच्या संस्थेचे आकडे वेगळे असतील. रचना मात्र अशीच असते.

गाईचं दूध, फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ ला दर ३० रुपये लिटर. फॅट एका पॉइंटने, म्हणजे ०.१ ने, वाढला की ३० पैसे जास्त, कमी झाला की ३० पैसे कमी. एसएनएफ ८.५ वरून ८.४ आणि ८.३ पर्यंत उतरला तर पॉइंटला ३० पैसे कमी. पण ८.२ पासून खाली प्रत्येक पॉइंटला एक रुपया कमी. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा. तुमच्या चार्टमध्ये अशी पायरी कुठे आहे ते शोधा. शेजारशेजारच्या दोन चौकटींतला फरक बघत गेलं की जिथे तो अचानक वाढतो तिथे पायरी असते.

आमच्या बिलाच्या पहिल्या दोन दिवसांच्या ओळी या चार्टवर बसवल्या, तर अशा दिसतात:

| वेळ | लिटर | फॅट | एसएनएफ | दर | रक्कम |
|---|---|---|---|---|---|
| १ सकाळ | ८.४ | ३.६ | ८.४ | ३०.०० | २५२.०० |
| १ संध्याकाळ | ६.२ | ४.१ | ८.५ | ३१.८० | १९७.१६ |
| २ सकाळ | ८.६ | ३.४ | ८.१ | २७.१० | २३३.०६ |
| २ संध्याकाळ | ६.० | ४.० | ८.५ | ३१.५० | १८९.०० |

एकूण २९.२ लिटर आणि ८७१.२२ रुपये.

मी पूर्वी काय करायची ते बघा. चारही फॅटची बेरीज करून चारने भागलं की ३.७७५ येतो. हेच मुळात चुकीचं आहे, कारण सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी, संध्याकाळी दूध कमी आणि फॅट जास्त. खरी सरासरी काढायची तर प्रत्येक फॅटला त्या वेळच्या लिटरने गुणून, बेरजेला एकूण लिटरने भागायचं. तशी ती ३.७३ येते आणि एसएनएफची ८.३५. बरं, ही बरोबर सरासरी घेऊन चार्टमध्ये गेलं तरी ३.७ आणि ८.४ ला दर ३०.३० मिळतो. २९.२ लिटरचे ८८४.७६ रुपये व्हायला हवेत आणि संस्थेनं दिले ८७१.२२. साडेतेरा रुपये मारले, असं वाटून मी दादाला रात्री दहा वाजता फोन केला होता.

संस्थेचा हिशेब बरोबर होता. दोन तारखेच्या सकाळची ओळ पायरीखाली गेली होती. फॅटचे ३० पैसे, एसएनएफ ८.४ आणि ८.३ चे मिळून ६० पैसे, ८.२ आणि ८.१ चे एकेक रुपया, अशी २ रुपये ९० पैशांची कपात होऊन दर २७.१० वर आला. सरासरी काढली की ही घसरण बाकीच्या चांगल्या ओळींमध्ये मिसळून जाते. म्हणून सरासरीवरून दर काढायचाच नाही. प्रत्येक ओळीचा फॅट आणि एसएनएफ घेऊन चार्टमध्ये जायचं, दर लिहायचा, लिटरने गुणायचं. दहा दिवसांच्या २० ओळींना मला अर्धा तास लागतो, सवय झाल्यावर त्याहून कमी.

फोनवरच्या स्प्रेडशीटमध्ये तारीख, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ, बिलातला दर, बिलातली रक्कम आणि शेवटी चार्टवरून स्वतः पाहिलेला दर, असे A पासून H पर्यंत रकाने करा. मग I मध्ये फरक काढायचा:

```
=ROUND(C2*H2,2)-G2
```

हे सूत्र खालपर्यंत ओढलं की जिथे शून्य नाही ती ओळ उघडी पडते. एक-दोन पैशांचा फरक पैशांपुढचे आकडे सोडण्यातला असतो, तो सोडून द्या.

ती सकाळची ओळ एवढी का घसरली

पैशांचा हिशेब जुळला, तरी दूध का बिघडलं हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा त्याच ओळीत असतं. फॅट आणि एसएनएफ कसे हलले ते आदल्या सकाळशी ताडून बघा.

दोन्ही एकाच प्रमाणात खाली आले असतील तर दुधात पाणी गेलं आहे. आमच्या ओळीत एसएनएफ ८.४ वरून ८.१ आणि फॅट ३.६ वरून ३.४ झाला होता, आणि लिटर नेहमीपेक्षा थोडे वाढले होते. हिशेब केला तर साधारण ३०० मिली पाणी निघत होतं. दादानं घरात विचारलं तेव्हा कळलं, पुतण्यानं किटली विसळली आणि तळातलं पाणी ओतून टाकायचं राहून गेलं. त्या पाण्याशिवाय ८.३ लिटर दुधाला फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.४ लागला असता, म्हणजे २९.७० च्या दराने २४६.५१ रुपये मिळाले असते. मिळाले २३३.०६. दूध वाढलं आणि पैसे कमी झाले.

फक्त फॅट घसरला आणि एसएनएफ जागच्या जागी असेल तर कारण वेगळं. साय वर येते, त्यामुळे किटली नीट न ढवळता तळातून नमुना घेतला की फॅट कमी लागतो. शेवटच्या धारांमध्ये फॅट सर्वांत जास्त असतो. त्या वासराला सोडल्या किंवा गाय पूर्ण पिळली नाही, तरी तोच परिणाम दिसतो.

फक्त एसएनएफ खाली असेल तर डिग्री बघा. लॅक्टोमीटरचा एक डिग्रीचा फरक म्हणजे एसएनएफमध्ये ०.२५ चा फरक, आणि आपल्या चार्टवर तेवढ्यानं एखादी ओळ पायरीखाली जाऊ शकते. दूध गरम असलं किंवा नुकतंच काढलेलं, फेसाळ असलं की लॅक्टोमीटर खाली बसतो. म्हणून तापमानाची दुरुस्ती करून आकडा घ्यायचा असतो.

डिग्रीवरून एसएनएफ काढायचं एक सूत्र आपल्याकडे बरंच चालतं:

```
SNF = CLR/4 + 0.2*Fat + 0.36
```

CLR म्हणजे दुरुस्त केलेली डिग्री. २९.३ डिग्री आणि फॅट ३.६ असेल तर ७.३२५, ०.७२ आणि ०.३६ मिळून ८.४ येतो. सगळ्या संस्था हेच सूत्र वापरतात असं नाही. काही ठिकाणी फॅटचा गुणक आणि शेवटचा स्थिर आकडा वेगळा असतो, आणि त्यामुळे त्याच डिग्रीला एसएनएफ दोन-अडीच पॉइंटांनी बदलू शकतो. तुमच्या पावतीवर डिग्री, फॅट आणि एसएनएफ तिन्ही असतील, तर चार-पाच ओळींत एसएनएफमधून डिग्रीचा चौथा भाग आणि फॅटचा ०.२ पट वजा करा. उरलेला आकडा प्रत्येक ओळीत ०.३६ च्या जवळ येत असेल तर सूत्र हेच. एखाद्याच ओळीत तो भलताच निघाला तर तिथे कोणीतरी हातानं आकडा भरला आहे किंवा टंकताना चूक झाली आहे.

एक मर्यादा इथेच सांगते. मुंबईत बसून आपण फक्त गणित तपासतो. मशीननं फॅट ३.६ दाखवला तो खरोखर ३.६ होता का, हे कोणताही कागद सांगत नाही. दूध मोठ्या कॅनमध्ये ओतलं गेलं की तो पुरावा संपतो. आकड्याबद्दल शंका असेल तर घरच्यांनी तिथेच, दूध ओतण्याआधी, पुन्हा नीट ढवळून दुसरा नमुना लावायला सांगायचा. आम्ही एकदा एकाच किटलीतलं ढवळलेलं दूध दोन भांड्यांत करून, दहा मिनिटांच्या अंतरानं दोन खात्यांवर घातलं होतं. दोन्हीकडे फॅट सारखा आला आणि अण्णांची शंका फिटली. काट्यासाठी वैधमापन खात्याची दरवर्षी पडताळणी होते आणि तिचं प्रमाणपत्र संस्थेत लावलेलं असतं. त्याची तारीख वाचून यायला दादाला दोन मिनिटं लागतात.

खरी चूक सापडली ती अशी

दुसऱ्या बिलात, ११ ते २० च्या, माझ्या शेवटच्या रकान्यात पहिल्या चार ओळी शून्य नव्हत्या. ११ सकाळी ८.५ लिटर, फॅट ३.७, एसएनएफ ८.४, आणि बिलातला दर ३०.३०. माझ्याकडच्या चार्टवर तो ३१.३० होता. ११ संध्याकाळी बिलात ३१.५०, माझ्याकडे ३२.५०. बारा तारखेच्या दोन्ही ओळींतही तसंच. तेरापासून पुढे सगळं जुळत होतं.

अशा वेळी फरक किती आहे यापेक्षा तो कसा आहे ते बघा. फॅट वेगवेगळे असूनही प्रत्येक ओळीत फरक नेमका एक रुपया होता, म्हणजे पूर्ण चार्टच वेगळा लागला होता. फरक फॅटबरोबर वाढत गेला असता तर पॉइंटचा दर चुकलेला असता. एकाच ओळीत असता तर टंकलेखनाची चूक. इथे चार्टच्या मथळ्यावर 'दि. ११ सकाळपासून लागू' असं स्पष्ट होतं, आणि संगणकात नवीन दर तेरा तारखेला भरला गेला होता. त्या चार वेळांचं दूध ८.५, ६.१, ८.३ आणि ६.० लिटर, एकूण २८.९ लिटर. लिटरला एक रुपया, म्हणून येणे २८ रुपये ९० पैसे.

दादाला मी फोनवर एवढंच सांगितलं की भांडायला जाऊ नकोस. चार पावत्यांचे फोटो, चार्टचा मथळा आणि चार ओळींचा हिशेब एका कागदावर लिहून सचिवांना दाखव. 'भाऊ, अकरा-बारा तारखेला जुना दर लागलाय का, जरा बघता का?' एवढंच विचार. सचिवांनी संगणक उघडून पाहिलं आणि लगेच मान्य केलं. तो दर बाकीच्या खात्यांनाही तसाच लागला होता.

कपात तपासायला विसरू नका

रक्कम जुळली की खालचा भाग बघायचा. समजा पहिल्या बिलात १४६ लिटरचे ४,३८२.६० रुपये झाले. त्यातून पशुखाद्याचं एक पोतं १,६५० रुपये, उचलीचा हप्ता ५०० रुपये आणि लिटरला २० पैसे ठेव म्हणजे २९.२० रुपये वजा झाले, तर हाती २,२०३.४० रुपये. बँकेच्या खात्यावर तेवढेच जमा झाले का, ते पासबुकावर बघा.

पोत्याची पावती आणि तारीख घरच्यांना विचारा, कारण महिन्याच्या सीमेवर घेतलेलं पोतं चुकून दोन बिलांत लागू शकतं. उचलीत फक्त हप्ता नका पाहू, मागची बाकीही पाहा. मागच्या बिलात ६,००० होती आणि ५०० कापले, तर या बिलात ५,५०० च दिसली पाहिजे. ठेवीचा आकडा छोटा असतो, पण तो साठत जातो आणि दिवाळीच्या सुमारास संस्था उत्पादकांना वाटते त्या दर फरकाबरोबर त्याचा हिशेब होतो. म्हणून वर्षभराची बिलं एका फोल्डरमध्ये ठेवा. दर फरक वर्षभराच्या लिटरवर मिळत असेल, तर तुमच्या लिटरची बेरीज आणि संस्थेची बेरीज तेव्हा ताडून पाहता येते.

आमचे २८.९० रुपये पुढच्या बिलात 'मागील फरक' या नावानं वेगळ्या ओळीत आले. तुमच्या बाबतीत असं झालं तर ती रक्कम एकूण दुधाच्या रकमेत न मिसळता वेगळी लिहिलेली आहे ना, ते बघा. मिसळली तर त्या बिलाची ओळीओळीची बेरीज जुळणार नाही आणि तुम्ही पुन्हा चूक शोधत बसाल.